पगार एकवीस हजारांच्या वर गेला, म्हणून ईएसआय लगेच बंद होतं का?

पत्र

मी चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून मशीन ऑपरेटर म्हणून कामाला आहे. पगार महिना १९,७६० रुपये होता, म्हणजे २६ दिवसांचे ७६० च्या दराने. जुलै २०२५ पासून तो २२,१०० झाला. ठेकेदाराच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "तू आता एकवीस हजारांच्या वर गेलास, ईएसआय बंद. उलट तुझ्या हातात जास्त पैसे पडतील." जुलैपासून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात थांबली.

८ फेब्रुवारीला, रविवारी, घराच्या जिन्यावरून पडलो. पाय मोडला, प्लास्टर लागलं. ९ फेब्रुवारी ते २२ मार्च घरीच होतो, पगार शून्य. उपचार खासगीत घेतले. ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो तर खिडकीवर सांगितलं की तुमचे वर्गणीचे ७८ दिवस भरत नाहीत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, तिथंही कार्ड चालू दिसत नाही म्हणाले. आता ठेकेदार म्हणतो, पाहिजे तर मागचं भरतो, पण दोन्ही हिस्से तुझ्या पगारातून कापीन. इतकी वर्षं महिन्याला दीडशे रुपये कापून घेतले, त्याचा उपयोग तरी काय? दुसरं, आमच्यातल्या दोघांना ओव्हरटाइममुळे मर्यादा ओलांडली म्हणून यादीतून काढलंय, ते बरोबर आहे का?

— एक कामगार, चाकण

उत्तर

तुमच्या ठेकेदाराने जुलैत ईएसआय थांबवलं ते चूक होतं. १ ऑक्टोबरला थांबवलं असतं तर बरोबर ठरलं असतं. मधल्या तीन महिन्यांमुळेच तुमचे ७८ दिवस अडकलेत, आणि ते सोडवता येतात.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत मोडतं. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च हा दुसरा. एकवीस हजारांची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे (दिव्यांग कामगारासाठी पंचवीस हजार). ती दर महिन्याला लावून पाहायची नसते. वर्गणीचा काळ सुरू होताना तुम्ही मर्यादेच्या आत असलात की तो काळ संपेपर्यंत तुम्ही विमाधारकच राहता, मग मध्येच पगार बावीस होवो की तीस हजार. वर्गणीही एकवीस हजारांवर अडवून ठेवायची नसते, पूर्ण वाढीव पगारावर भरायची असते. १ एप्रिल २०२५ ला तुमचा पगार १९,७६० होता. म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत कपात करणं आणि स्वतःचा हिस्सा घालून ती भरणं हे ठेकेदाराचं काम होतं. १ ऑक्टोबरला पगार मर्यादेच्या वर होता, तेव्हापासून तुम्ही बाहेर पडलात, त्यात त्याची चूक नाही.

हा गोंधळ फार ठिकाणी होतो आणि दर वेळी त्यामागे लबाडीच असते असं नाही. पगारपत्रक करणाऱ्याला "एकवीस हजार" एवढंच पाठ असतं. पण परिणाम कामगाराच्या अंगावर येतो, तोही सात-आठ महिन्यांनी, जेव्हा कोणाला जुलै आठवतही नसतो.

वर्गणी आणि लाभ यांच्यात तीन महिन्यांचं अंतर ठेवलेलं आहे. एप्रिल ते सप्टेंबर या काळात जी वर्गणी होते तिच्या बळावर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये रोख लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढचे जुलै ते डिसेंबर. म्हणून फेब्रुवारी २०२६ मधल्या आजारपणासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२५ हाच काळ बघतात. आजारपणाचा लाभ हवा तर त्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी देय असावी लागते. तुम्ही आज ईएसआयमध्ये नाही, ही गोष्ट इथे आड येत नाही. ज्या काळाची वर्गणी झाली त्याचा लाभकाळ तुमचाच आहे.

आता तुमचे दिवस मोजू. पत्रासोबत पाठवलेल्या पगारपावत्यांवर पगारी दिवस असे आहेत: एप्रिल २४, मे २५, जून २५. बेरीज ७४. ईएसआय महामंडळाच्या नोंदीत एवढेच दिसतात, म्हणून खिडकीवरच्या माणसाने "भरत नाहीत" म्हटलं. त्याच्या संगणकावर चार दिवस कमी होते. जुलै २६, ऑगस्ट २४ आणि सप्टेंबर २५ हे पंचाहत्तर दिवस जोडले की १४९ होतात, म्हणजे अटीच्या जवळजवळ दुप्पट.

इथे नियमातली एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. अट आहे ती ७८ दिवसांची वर्गणी *देय* असण्याची. मालकाने ती वेळेत भरली का, हा मालकाचा आणि महामंडळाचा हिशेब. जुलै ते सप्टेंबरची वर्गणी देय होती हे पगारपावत्या दाखवून सिद्ध झालं की तुमची बाजू उभी राहते. शाखेत जाऊन "ठेकेदाराने भरलं नाही" एवढंच सांगितलंत तर ते तुम्हाला ठेकेदाराकडे पाठवतील आणि ठेकेदार परत शाखेकडे. "वर्गणी देय होती, या घ्या पावत्या, माझा दावा दाखल करून घ्या" असं म्हणा आणि पोच घ्या.

रक्कम किती बसते? आजारपणाचा लाभ सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतो. वर्गणीच्या काळात मिळालेलं एकूण वेतन भागिले पगारी दिवस, ही ती सरासरी. पहिल्या तीन महिन्यांचे ७४ दिवस ७६० ने ५६,२४० रुपये. पुढचे ७५ दिवस ८५० ने ६३,७५० रुपये. एकूण १,१९,९९०, त्याला १४९ ने भागलं की रोज ८०५ रुपये ३० पैसे. त्याचे ७० टक्के म्हणजे ५६३ रुपये आणि वर काही पैसे. ९ फेब्रुवारी ते २२ मार्च हे ४२ दिवस होतात. आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरे जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत (आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडलात तर मात्र हे दोन दिवस पुन्हा कापत नाहीत). उरले ४० दिवस. रविवारही त्यात धरतात, फक्त ज्या सुट्टीचा पगार मिळाला असेल तो दिवस सोडून. चाळीस दिवसांचे साधारण साडेबावीस हजार रुपये.

यासाठी तुमच्याकडून काय जायला हवं होतं तेही बघा. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के आहे. त्याआधी ते पावणेदोन आणि पावणेपाच होते. तुमच्या वाढलेल्या पगारावर जुलैचे १६६, ऑगस्टचे १५३ आणि सप्टेंबरचे १६० असे मिळून ४७९ रुपये तुमचे, आणि ठेकेदाराचे २,०७३. "हातात जास्त पडतील" म्हणून जे पडले ते तीन महिन्यांत ४७९ रुपये होते. ठेकेदाराचे दोन हजार वाचले. साडेबावीस हजारांचा खड्डा तुमच्या वाट्याला आला.

आता काय करायचं ते क्रमाने सांगतो, कारण क्रम चुकला की महिने जातात.

आधी स्वतःची नोंद स्वतः पाहा. esic.gov.in वर विमाधारकाच्या खात्यात तुमचा दहा आकडी विमा क्रमांक टाकून शिरता येतं. तिथे महिनावार वर्गणी, वेतन आणि दिवस दिसतात. जूनच्या पुढे काय लिहिलंय ते बारकाईने बघा. पगार मर्यादेबाहेर गेला म्हणून नाव काढायचं असेल तर भरणा करणाऱ्याला `Out of Coverage` असं कारण टाकायचं असतं आणि ते वर्गणीचा काळ सुरू होताना, म्हणजे एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्येच. मधल्या महिन्यात नाव काढायची घाई झाली की काही ऑफिसांत सरळ `Left Service` टाकून मोकळे होतात. तुमच्या नावापुढे तसं असेल तर तुम्ही कागदोपत्री जूनमध्ये नोकरी सोडलीत, आणि जुलैची पगारपावती तुमच्या हातात आहे. एवढा उघड विरोध दुसरा पुरावा लागू देत नाही. त्या पडद्याची प्रत काढून ठेवा.

मग ठेकेदाराला पत्र द्या आणि त्याची एक प्रत कंपनीलाही द्या. इथे बरेच जण ठेकेदारापाशीच थांबतात. ईएसआयच्या कायद्यात ठेकेदाराच्या कामगाराची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीवर आहे, ती नंतर ठेकेदाराच्या बिलातून वसूल करू शकते. कंपनीच्या कार्मिक विभागाला हे पक्कं माहीत असतं, आणि तपासणीत आपलं नाव येऊ नये म्हणून ठेकेदाराचा कान तेच धरतात. पत्र चार ओळींचं पुरे:

"१ एप्रिल २०२५ रोजी माझे वेतन मर्यादेच्या आत होते. त्यामुळे ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत माझी वर्गणी देय होती. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरची वर्गणी भरलेली नाही. ती पुरवणी चलनाने भरून माझी नोंद दुरुस्त करावी. पगारपावत्या जोडल्या आहेत."

रागाचं एक वाक्यही घालू नका. हे पत्र उद्या महामंडळाच्या निरीक्षकासमोर ठेवायचं आहे. उशिराच्या भरण्यावर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि वरून दंडही बसू शकतो. तो मालकाला भरावा लागतो, तुम्हाला नाही.

पत्राची वाट बघत दावा अडवून ठेवू नका, दोन्ही एकदम करा. आजारपणाच्या दाव्याचा अर्ज फॉर्म ९ असतो, सोबत बँकेचं पासबुक. दावा देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत केला पाहिजे. तुम्ही वेळेत आहात, पण "ठेकेदार करतो म्हणाला" यात बारा महिने सहज निघून जातात.

तुमच्या दाव्यातला खरा कच्चा दुवा वेगळाच आहे आणि पत्रात तुम्ही तो ओझरता लिहिलाय: उपचार खासगीत घेतले. रोख लाभ मिळतो तो ईएसआयच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने "हा कामाला अपात्र आहे" असा दाखला दिल्यावर. पहिला दाखला, मधले दाखले आणि शेवटी कामावर रुजू व्हायला हरकत नाही असा दाखला, अशी ती साखळी असते. तुमच्याकडे त्यातलं काहीच नाही. पण दार पूर्ण बंद नाही. दवाखान्याचा दाखला नसेल तर शाखा इतर पुरावा ग्राह्य धरू शकते, मात्र तो पटला पाहिजे. पडल्याच्या दिवसाचा एक्स-रे, प्लास्टर घातल्याचा आणि काढल्याचा कागद, तारखेसह बिलं, हाडांच्या डॉक्टरचं "अमुक ते अमुक काम करू शकत नव्हता" असं लिहून दिलेलं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावरची गैरहजेरी, हे सगळं एकत्र द्या. सोबत एका परिच्छेदात दवाखान्यात का गेला नाहीत ते खरं लिहा. कार्ड बंद दाखवत होतं, हे कारण तुमच्या बाजूचं आहे, कारण ते बंद पडलं ते मालकाच्या चुकीमुळे. तुमच्या पायाचे पैसे इथे बऱ्याच अंशी कागदांवर ठरतील, म्हणून एक्स-रे घरात कुठे पडला असेल तो आज शोधा.

खासगी दवाखान्याचं बिलही मागून बघायला हरकत नाही. आणीबाणीत बाहेर घेतलेल्या उपचारांचा परतावा देतात, पण तो ठरलेल्या दरांनी. बिल तीस हजारांचं असलं तरी मंजूर तेवढंच होईल अशी आशा धरू नका.

ठेकेदाराने तरीही भरलं नाही तर? १९४८ च्या कायद्यातलं कलम ६८ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ हुकला किंवा कमी झाला, तर महामंडळ तो लाभ कामगाराला देऊ शकतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं. दिलेल्या लाभातला फरक किंवा न भरलेल्या वर्गणीच्या दुप्पट, यातली मोठी रक्कम. तुमचं जुलै ते सप्टेंबर २०२५ जुन्या कायद्याच्याच काळातलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही याच अर्थाची तरतूद आहे. अर्जात कलमाचा उल्लेख करा. शाखेतून हालचाल नसेल तर उपप्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा, किंवा महामंडळाच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर नोंदवून तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. अगदीच अडलं तर ईएसआय न्यायालय आहे, पण कागद असे स्वच्छ असताना तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

आईच्या ऑपरेशनचं उत्तर याच हिशेबातून निघतं. औषधोपचाराचा हक्क ज्या दिवसांची वर्गणी देय आहे त्या दिवसांत असतो, आणि ज्या काळात तुम्ही आजारपणाच्या रोख लाभाला पात्र असता त्या काळातही असतो. तुम्ही ३० जून २०२६ पर्यंत पात्र आहात. तोपर्यंत तुमचा, बायकोचा, मुलांचा आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचा उपचार चालू राहायला हवा. आईवडिलांना स्वतःचं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न नसावं आणि त्यांचं नाव तुमच्या कार्डावर कुटुंबात नोंदवलेलं असावं, या दोन गोष्टी तपासा. नोंद दुरुस्त झाली की आधी आईची तारीख घ्या, तुमच्या पैशांचं पाठोपाठ होईल. मोतीबिंदूला थांबता येतं, पण ३० जून थांबत नाही. १ जुलैपासून तुमच्यामागे ईएसआय नसेल, तेव्हा घरासाठी आरोग्य विम्याची चौकशी आत्तापासून करा.

दीडशे रुपयांचा उपयोग काय, हे तुम्ही वैतागून विचारलंय, पण तो हिशेब मांडण्यासारखा आहे. तुमच्या सहा महिन्यांच्या पूर्ण वर्गणीत तुमचा वाटा नऊशे रुपये. त्यात घरातल्या सगळ्यांचा दवाखाना, शिवाय वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस ७० टक्के पगार. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या ३४ लांबणाऱ्या आजारांत हे ९१ दिवस संपल्यावर ८० टक्क्यांनी पुढे देतात. त्याला दोन वर्षांची सलग नोकरी आणि जास्त वर्गणी लागते. बाईकामगाराला बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण सरासरी पगार मिळतो, दोन मुलं असतील तर १२ आठवडे. कामगाराच्या बायकोला मात्र हा पगार मिळत नाही, तिला बाळंतपणाचा औषधोपचार मिळतो. हे ठाऊक नसल्याने शाखेत रोज वाद होतात.

कामावर अपघात झाला तर गणितच बदलतं. तिथे ७८ दिवसांची अट नाही. कामाला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी बोट प्रेसमध्ये सापडलं तरी बरं होईपर्यंत ९० टक्के पगार मिळतो, आणि कायमचं अपंगत्व आलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवून आयुष्यभर मासिक रक्कम देतं. मृत्यू झाला तर ती विधवा आणि मुलांना वाटून जाते. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही यात बसू शकतो, वेळ आणि रस्ता नोकरीशी जुळत असले तर. तुमचा पाय रविवारी घरी मोडला, म्हणून तो ७० टक्क्यांच्या आजारपणात जातो. पण आता तुम्ही मशीनवर जाता तेव्हा हे ९० टक्क्यांचं छत्र तुमच्यावर नाही, कारण ते चालू वर्गणीशी बांधलेलं आहे, लाभकाळाशी नाही. ऑक्टोबरपासून कामावर इजा झाली तर भरपाई थेट मालकाकडून, कामगार भरपाईच्या तरतुदींखाली मागावी लागेल. ठेकेदाराने त्यासाठी काही विमा घेतलाय का, हे पुढच्या पगाराच्या दिवशी विचारा.

तक्रारी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. दवाखान्यात औषध संपलेलं असतं, मोठ्या तपासणीला रेफरची चिठ्ठी मिळायला खेपा पडतात. म्हणून चांगला पगार असलेले लोक ईएसआयला नावं ठेवतात आणि मर्यादा ओलांडल्यावर सुटल्यासारखं वाटतं. पण हृदयाची शस्त्रक्रिया किंवा डायलिसिस आलं की त्याच रेफरच्या चिठ्ठीवर खासगी रुग्णालयात पैसे न देता उपचार झालेली घरंही चाकण-भोसरीत पुष्कळ आहेत. वीस हजार पगाराच्या माणसाला या किमतीत दुसरीकडे असं काही मिळत नाही.

तुमच्या दोन सोबत्यांचं. मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. समजा एकाचा पगार १८,५०० आणि ओव्हरटाइम ४,०००. हातात साडेबावीस येत असले तरी मर्यादेसाठी तो १८,५०० चाच कामगार आहे. त्याला काढणं चूक, वर्गणीच्या काळाच्या मध्ये तर चूकच आणि सुरुवातीलाही चूक. जुन्या कायद्यात एक गंमत होती: मर्यादेसाठी ओव्हरटाइम सोडायचा, पण वर्गणी कापताना तो धरायचा, म्हणून त्या महिन्याची कपात जास्त दिसायची आणि लोक समजायचे की ओव्हरटाइम पगारातच मोजतात. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम असे काही भाग वेतनातून वगळतात, मात्र वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर निम्म्यावरचा भाग परत वेतनात मिळवतात. ज्यांच्या पावतीत भत्ते भरपूर आहेत त्यांनी आपलं वेतन या नव्या मापाने पुन्हा मोजून घ्यावं. एकूण पगार तेवीस-चोवीस हजार असूनही वेतन एकवीसच्या आत येऊ शकतं. तुमच्याही पावतीत मूळ पगार आणि घरभाडं वेगळं दाखवलंय का ते पाहा. दाखवलं असेल तर ऑक्टोबरनंतर तुम्ही बाहेर पडलात, पण पुढच्या वर्गणीकाळाच्या सुरुवातीला, म्हणजे याच एप्रिलमध्ये, परत आत यायला हवे होतात की नाही हा प्रश्न शाखेत पावती दाखवून लेखी विचारता येईल.

राहिली दोन्ही हिस्से कापण्याची भाषा. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याची सरळ मनाई आहे, मग करारात काहीही लिहिलेलं असो. तुमचा हिस्साही मालकाला फक्त त्याच काळाच्या पगारातून कापता येतो ज्या काळाची ती वर्गणी आहे. जुलै २०२५ चे १६६ रुपये जुलैच्या पगारातून कापायची संधी होती, ती त्याने घालवली. आता एप्रिलच्या पगारातून ते वसूल करता येत नाहीत. म्हणजे पूर्ण २,५५२ रुपये आणि त्यावरचं व्याज त्याचं त्यालाच भरायचंय. पगारपावतीवर "ईएसआय थकबाकी" अशी कपात दिसली तर ती पावती जपून ठेवा आणि महामंडळाकडच्या तक्रारीला जोडा.